भाकरीची 'माकरी' होऊ नये म्हणून: फोनच्या छोट्या स्क्रीनवर टिकणारं थंबनेल

गेल्या पावसाळ्यात मावशीच्या यूट्यूब चॅनेलसाठी मी एक थंबनेल केलं. व्हिडिओ ज्वारीच्या भाकरीचा होता: थापताना कडा का चिरतात आणि पीठ कसं मळलं की चिरत नाहीत. लॅपटॉपवर चित्र झकास दिसत होतं. काळा तवा, त्यावर भाकरी, शेजारी मावशीचे हात, मागे मांडणीवरची भांडी, आणि डावीकडे चार ओळींत 'ज्वारीची भाकरी थापताना होणाऱ्या चुका आणि त्यावर उपाय'. संध्याकाळी मावशीचा फोन आला.

"अरे, ते माकरी काय लिहिलंयस? आणि चीर कुठाय त्यात? मला नुसता पांढरा गोळा दिसतोय."

तिच्या फोनवर, व्हिडिओंच्या यादीत, ते चित्र जेमतेम तीन सेंटिमीटर रुंद होतं. तेवढ्यात भाकरीचा भ खरंच म झाला होता, आणि ज्या चिरेसाठी व्हिडिओ होता ती चीर गायब होती. ते थंबनेल मी पुन्हा पहिल्यापासून केलं. कसं केलं ते इथे पायरीपायरीने सांगतो. मी गिंप वापरतो, तो फुकट मिळतो. पण आकडे आणि क्रम कुठल्याही ॲपला लागू पडतील.

लहान होताना चित्राचं काय होतं

थंबनेल १२८० × ७२० पिक्सेलचं करायचं. चढवल्यावर यूट्यूब त्याच्या लहान-लहान प्रती करून ठेवतं. त्यातली एक ३२० × १८० ची असते, आणि सगळ्यात धाकटी १२० × ९० ची. १२८० चं चित्र ३२० वर येतं तेव्हा आडवे चार आणि उभे चार, असे सोळा पिक्सेल मिळून एकच पिक्सेल उरतो. त्या एकाला सोळांच्या रंगाची साधारण सरासरी मिळते. काळ्यावर दोन पिक्सेल जाडीची पांढरी रेघ असेल, तर ती चारातले दोनच पिक्सेल व्यापते. म्हणून लहान चित्रात ती पांढरी राहत नाही, मधली राखाडी होते. एक पिक्सेलची रेघ तर काळ्यात मिसळूनच जाते. आणि एवढ्यावर थांबत नाही. फोनच्या स्क्रीनवर पिक्सेल दाटीवाटीने असतात, त्यामुळे ती लहान प्रत जागेत बसवायला फोन पुन्हा थोडी ताणतो. आधी आटवलेलं, मग ताणलेलं, असं चित्र बघणाऱ्याच्या हातात पडतं.

म्हणून मी एकच हिशोब डोक्यात ठेवतो: काम ३२० साठी करायचं, परीक्षा १६० वर घ्यायची. १२८० ते १६० म्हणजे आठपट लहान. मोठ्या चित्रात जी गोष्ट आठ पिक्सेलपेक्षा बारीक आहे, ती १६० वर पुरता एक पिक्सेलही भरत नाही. मग ती चीर असो, अक्षरातली फट असो, नाहीतर डोळ्यातली चमक. तिच्यावर विसंबायचं नाही.

पहिली पायरी: फोटो, आणि त्यात एकच गोष्ट

माझ्या पहिल्या चित्रात चीर मोजली तर पाच-सहा पिक्सेल रुंद भरली. ३२० वर ती दीड पिक्सेल झाली, म्हणजे पिठाच्या रंगावर एक फिकट सावली. तिला कितीही धार लावली असती तरी ती दिसली नसती, कारण दिसण्याइतकी जागाच तिला दिलेली नव्हती. उपाय एकच, जवळ जायचं.

व्हिडिओतलीच एखादी फ्रेम उचलण्याचा मोह होतो, पण ती सहसा १९२० रुंदीची असते. तिचा अर्धा भाग कापला की ९६० उरतात, आणि ते १२८० पर्यंत ताणावे लागतात. शिवाय हात हलत असला की फ्रेममध्ये त्याचा फराटा उमटलेला असतो. त्यापेक्षा थंबनेलसाठी वेगळा फोटो काढा. साध्या फोनचा १२ मेगापिक्सेलचा फोटोसुद्धा ४००० × ३००० च्या आसपास असतो. त्यातला मधला तुकडा कापला तरी १२८० पेक्षा जास्तच हाती उरतो. झूम करू नका, फोन जवळ न्या.

मावशीच्या स्वयंपाकघरात दुसऱ्यांदा फोटो काढताना दोन गोष्टी लक्षात आल्या. तापल्या तव्याची वाफ लेन्सवर बसते आणि सगळा फोटो दुधाळ होतो. म्हणून भाकरी तव्यावर टाकून गॅस बंद केला, थोडं थांबलो आणि लेन्स सुती कापडाने पुसली. दुसरं म्हणजे वरच्या ट्यूबलाइटच्या उजेडात चीर सपाट दिसते. दिवा बंद करून खिडकीचा उजेड एका बाजूने घेतला, तशी चिरेच्या आत सावली पडली आणि ती ठसठशीत काळी झाली. हे काम कुठलंही ॲप नंतर इतकं चांगलं करून देत नाही.

मग फोटो असा कापला की भाकरी उजवीकडून चौकटीच्या बाहेर गेली. पूर्ण गोल दिसायची गरज नाही. पाऊण गोल आणि काळा तवा दिसला की कोणीही भाकरी ओळखतं. आता चीर ४५ पिक्सेल रुंद झाली, म्हणजे ३२० वर ११ आणि १६० वर पाच-साडेपाच. हात आणि भांडी दोन्ही गेली. हात ठेवावेत असं मावशीला वाटत होतं, पण हातांना जागा दिली तर चिरेची जाते. हा व्हिडिओ चिरेचा होता.

कापताना उजवा खालचा कोपरा मोकळा सोडा. तिथे व्हिडिओची लांबी सांगणारी पट्टी बसते. ज्यांनी व्हिडिओ अर्धवट पाहिलाय त्यांना तळाशी लाल रेघही दिसते. आमची चीर आधी नेमकी त्या कोपऱ्यात येत होती. भाकरी तव्यावर फिरवून ती वर घेतली आणि पुन्हा फोटो काढला.

दुसरी पायरी: उजेड आणि अंधार वेगळे करा

चित्र लहान झालं की बारीक पोत आधी जातो आणि उजेड-अंधाराचे मोठे ठिपके तेवढे उरतात. ते ठिपके एकमेकांपासून वेगळे आहेत का, हे बघायला रंग काढून टाका. गिंपमध्ये Colors → Desaturate → Desaturate. बघून झालं की Ctrl+Z. राखाडी चित्रात भाकरी आणि तवा यांच्यातला फरक लांबून कळला पाहिजे. लाल साडीपुढे हिरवी कोथिंबीर रंगात उठून दिसते, पण राखाडीत दोन्ही एकसारख्या होतात आणि छोट्या स्क्रीनवर त्यांचा चिखल होतो.

याचं आणखी एक कारण आहे. जेपेग चित्रात उजेडाचा तपशील पूर्ण ठेवला जातो, पण रंगाचा तपशील बहुतेक वेळा आडवा निम्मा आणि उभा निम्मा करून ठेवतात. आपल्या डोळ्यांना रंगाच्या कडा तितक्या नेमक्या दिसत नाहीत, त्याचा हा फायदा घेतलेला असतो. म्हणून जी कड फक्त रंगाने तयार झालीय, उदाहरणार्थ गडद निळ्यावर लाल अक्षर, ती आधी फुटते. पांढऱ्या-काळ्याची किंवा पिवळ्या-काळ्याची कड टिकते.

मागे गर्दी असेल तर ती पुसून टाकायची गरज नाही. विषयाभोवती निवड करून ती उलटी करा आणि मागच्या भागावर १२ ते १५ चा Gaussian Blur लावा. मग तो थोडा काळोखाकडे न्या. चौकडीचे शर्ट आणि बारीक काठाच्या साड्या यांच्याकडे खास लक्ष द्या. आटवल्यावर त्या रेघांमधून भलतेच लाटांसारखे पट्टे उमटतात.

तिसरी पायरी: अक्षरं

थंबनेलबद्दलचे बहुतेक सल्ले रोमन लिपी डोळ्यांपुढे ठेवून दिलेले असतात. 'सगळ्यात जाड फाँट घ्या' हा त्यांतला पहिला. देवनागरीला तो जसाच्या तसा लावला की घोटाळा होतो.

भ आणि म यांच्यात फरक किती? भ ची शिरोरेखा डावीकडे तुटलेली असते आणि तिथे छोटीशी गाठ असते. म ची शिरोरेखा सलग. ध आणि घ, थ आणि य यांचंही तसंच. म्हणजे आपल्याकडे काही अक्षरांची ओळखच एका फटीवर उभी आहे. फाँट जाड होत गेला की रेघा आतल्या बाजूलाही फुगतात आणि ती फट बारीक होत जाते. मी मुक्ता फाँटचं सगळ्यात जाड वजन, ExtraBold, घेतलं होतं. चार ओळी बसवायच्या म्हणून अक्षरं ६० पिक्सेलवर आणली होती. त्या आकारात भ मधली फट तीन पिक्सेलचीसुद्धा नव्हती. ३२० वर ती बुजली आणि भाकरीची माकरी झाली. धर लिहिलं तर घर होईल, थवा लिहिला तर यवा.

म्हणून क्रम उलटा ठेवा. आधी शब्द कमी करा, मग अक्षरं मोठी करा, आणि जाडीचा विचार सगळ्यात शेवटी करा. आमच्या आठ शब्दांचे दोन झाले: 'भाकरी चिरते?' व्हिडिओचं शीर्षक थंबनेलखाली लिहून येतंच. ज्वारीची, चुका, उपाय हे सगळं तिथे सांगता येतं. दोन शब्द दोन ओळींत लिहिले, तर शिरोरेखेपासून अक्षराच्या तळापर्यंत १५० पिक्सेल उंची आरामात मिळाली. तीन सेंटिमीटर रुंद थंबनेलमध्ये ती साडेतीन मिलिमीटर होते. आधीची ६० पिक्सेलची अक्षरं तिथे दीड मिलिमीटरही भरत नव्हती, पंचांगातल्या बारीक टायपासारखी.

आता जाडी. अक्षर ४०० टक्के मोठं करून बघा आणि गिंपमधल्या मोजपट्टीने, म्हणजे Measure टूलने, दोन ठिकाणी मोजा. उभ्या दांड्याची जाडी १६ पिक्सेलच्या खाली नको, म्हणजे १६० वर दोन पिक्सेल उरतात. अक्षराची सगळ्यात बारीक फट ८ पिक्सेलच्या खाली नको. आमच्या बाबतीत फट भ मधली होती. ExtraBold मध्ये ती अपुरी पडत होती, Bold मध्ये बसली. एक वजन कमी केल्यावर अक्षर जास्त वाचनीय झालं, हे मला डोळ्यांनी पाहीपर्यंत पटलं नव्हतं. तुमच्या शब्दात ठ, ढ, ळ किंवा जोडाक्षर असेल तर त्यांच्या पोटातली मोकळी जागाही अशीच मोजा. अनुस्वाराचा ठिपका आणि रफार शिरोरेखेला चिकटत नाहीत ना, हेही बघा.

अक्षरांमधलं अंतर वाढवू नका. शिरोरेखा तुटते आणि प्रत्येक अक्षर सुटं पडतं. दोन ओळींमधलं अंतर मात्र जरा सैल सोडा. वरच्या ओळीतला उकार आणि खालच्या ओळीतली वेलांटी एकमेकांत घुसली की लहान आकारात दोन्ही वाचता येत नाहीत.

अक्षरांना किनार लावायची असेल तर ती अक्षराच्या मागे असू द्या. काही ॲपमध्ये किनार अक्षराच्या कडेवर मधोमध बसते, निम्मी बाहेर आणि निम्मी आत, आणि आतली निम्मी अक्षर खाते. गिंपमध्ये असं करा: मजकुराच्या लेयरवर उजवी क्लिक करून Alpha to Selection, मग Select → Grow मध्ये १०, मग मजकुराच्या खाली नवा लेयर घेऊन त्यात काळा रंग भरा. पांढऱ्या अक्षरामागे काळी किनार आली की भ ची फटही काळी होते, म्हणजे अजून स्पष्ट. मऊ, पसरट सावली देऊ नका. ती फटींमध्ये राखाडी धूर भरते.

चौथी पायरी: धार लावणं, पण कुठल्या आकारासाठी

मोठ्या चित्रावर एक पिक्सेल त्रिज्येचं शार्पन मारून लोक समाधानी होतात. लॅपटॉपवर ते तुकतुकीत दिसतं. पण ती धार एक-दोन पिक्सेलची असते आणि सोळाच्या सरासरीत विरघळून जाते. लहान चित्रात कड उठून दिसायला हवी असेल, तर धार तिथे पोचेल इतकी रुंद लावावी लागते.

फोटोचा लेयर निवडा, मजकुराचा नको. Filters → Enhance → Sharpen (Unsharp Mask) उघडा. Radius ८ ठेवा, Amount ०.३ च्या आसपास. आठाची त्रिज्या ३२० वर दोन पिक्सेल होते, म्हणून तिचा परिणाम तिथे टिकतो. चिरेच्या कडा उजळ होतात आणि आतला भाग गडद होतो. जास्त झालं की लगेच ओळखता येतं: भाकरीच्या कडेभोवती, तव्यावर, एक फिकट वलय दिसायला लागतं. तसं दिसलं तर Amount कमी करा. मजकुराला हे लावलं तर अक्षरांभोवतीही तसंच वलय येतं, म्हणून त्याला हात लावायचा नाही.

पाचवी पायरी: फाइल

यूट्यूब तुमचं चित्र पुन्हा दाबणारच आहे. तुमच्याकडून ते एकदाच आणि हलकंच दाबलेलं जावं. File → Export As मध्ये जेपेग निवडून Quality ९२ ठेवा. Advanced मध्ये Subsampling ला 4:4:4 निवडा, म्हणजे रंगाचा तपशील निदान तुमच्या हातून कमी होत नाही. पीएनजीही चालतं. काहीही निवडलं तरी फाइल २ एमबीच्या आत राहू द्या.

ती लॅपटॉपवरून फोनवर पाठवताना जपा. मेसेजच्या ॲपवरून 'फोटो' म्हणून पाठवली की ती वाटेतच बारीक करून दाबली जाते, आणि मग तीच चढवली जाते. माझ्या पहिल्या चित्राचं हेही झालं होतं. डॉक्युमेंट म्हणून पाठवा किंवा केबलने द्या.

सहावी पायरी: चढवण्याआधी फोनवर परीक्षा

गिंपमध्ये चित्राची प्रत काढून Image → Scale Image ने १६० रुंदी करा आणि १०० टक्क्यांवर बघा. शब्द वाचता आले आणि चीर दिसली तर पुढे जा. पण खरी परीक्षा फोनवरच होते. त्यासाठी मी फोनच्या आकाराचा एक कोरा कागद बनवतो आणि त्यावर आधी ३२० पर्यंत आटवलेलं, मग ताणलेलं थंबनेल ठेवतो. इमेजमॅजिक हे टर्मिनलमधून चालणारं साधन बसवलेलं असेल तर दोन ओळींत होतं:

```
magick thumb.png -resize 320x180 -resize 480x270 t.png
magick -size 1080x2400 xc:white t.png -geometry +40+600 -composite test.png
```

`test.png` फोनवर पूर्ण स्क्रीन उघडा, फोन हातभर लांब धरा, आणि ज्याने चित्र आधी पाहिलेलं नाही अशा माणसाला वाचायला द्या. आपल्याला शब्द माहीत असतो, त्यामुळे आपण माकरी पाहूनही भाकरीच वाचतो. मी हे चित्र शेजारच्या काकूंना दाखवलं. "भाकरी चिरते? चिरणारच, पीठ जुनं असेल," त्या लगेच म्हणाल्या. शब्द आणि चीर दोन्ही पोचले होते.

याच चाचणीत `xc:white` च्या जागी `xc:black` घालूनही बघा. बरेच लोक फोन डार्क मोडवर ठेवतात. आमच्या तव्याचे काळे कोपरे त्या काळ्या पार्श्वभूमीत मिसळून गेले आणि थंबनेलला कडच उरली नाही. डाव्या कडेला तवा थोडा उजळ केला आणि काम झालं.

चढवल्यानंतर एकदा यूट्यूबने केलेली लहान प्रतही थेट बघून घ्या. खालच्या पत्त्यात VIDEO_ID च्या जागी व्हिडिओच्या लिंकमधली अकरा अक्षरं घाला:

```
https://i.ytimg.com/vi/VIDEO_ID/mqdefault.jpg
https://i.ytimg.com/vi/VIDEO_ID/default.jpg
```

पहिली प्रत ३२० × १८० ची. तिच्यात शब्द स्वच्छ वाचता आलाच पाहिजे. चित्र बदललं असेल तर थोडा वेळ जुनंच दिसू शकतं, घाबरू नका. दुसरी १२० × ९० ची, आणि तिच्यातही वर-खाली काळ्या पट्ट्या असतात. त्यामुळे खरं चित्र जेमतेम ६८ पिक्सेल उंच उरतं. तिथे शब्द स्वच्छ वाचण्याची अपेक्षा धरू नका. काळ्या तव्यावर पांढरी भाकरी आणि तिला चीर, एवढं कळलं तरी बास.

पुढचा व्हिडिओ थालीपिठाचा आहे. या वेळी फोटो काढायच्या आधीच मी तो शब्द १५० पिक्सेलवर लिहून १६० वर आटवून पाहिला. थ ची फट Bold मध्ये टिकते. ठ चं पोट मात्र भरून येतंय, त्यासाठी अक्षर १७० पर्यंत न्यावं लागेल, आणि फोटोत थालीपीठ तेवढं उजवीकडे सरकवावं लागेल.